रात्री मागितलेली सिंगल रूम

प्रश्न : माझे सासरे 68 वर्षांचे आहेत. आम्ही लालबागला चाळीत राहतो. एका रात्री त्यांच्या छातीत दुखू लागलं म्हणून परळच्या एका खासगी रुग्णालयात नेलं. आम्ही सगळे घाबरून बाहेर उभे होतो. रात्रपाळीच्या सिस्टरनी आम्हाला बाकावर बसवून शांतपणे सांगितलं, ‘बाबांचे उपचार सुरू झालेत. विम्याचं कार्ड आणि आधार द्या, कॅशलेसचा अर्ज इथून जाईल. मंजुरी एकदम पूर्ण रकमेची येत नाही. आधी थोडी येते, मग वाढवून मागावी लागते. आयसीयूनंतर कुठली खोली हवी ते लिहून द्या, पण पॉलिसीत खोलीला मर्यादा असते, ती आधी बघा.’ सासूबाईंना सोबत राहता यावं म्हणून दिरांनी सिंगल रूम सांगितली. सही मी केली. अँजिओप्लास्टी झाली. बिल आलं 3,60,000 रुपयांचं आणि कंपनीने बरोबर निम्मे, म्हणजे 1,80,000 दिले. बाकीचे दागिने गहाण ठेवून भरले. दीर म्हणतात, सिस्टरनी ‘कॅशलेस’ सांगून फसवलं, रुग्णालयावर केस करू. नणंदेचे यजमान म्हणतात, पुढच्या वेळी बीपी आहे हे सांगायचंच नाही. एजंट म्हणतात, ही पॉलिसी सोडून मोठी घ्या. दुसऱ्या रक्तवाहिनीची अँजिओप्लास्टी सहा आठवड्यांनी करायची आहे. रुग्णालयाविरुद्ध तक्रार कुठे करावी?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : तुम्ही तक्रारीचा पत्ता विचारला आहे, पण पत्रात दोन निराळ्या काळज्या दिसतात. सही तुमची असल्यामुळे घरात बोल तुम्हाला लागतो आहे, ही एक. सहा आठवड्यांनी हाच खर्च पुन्हा येऊन ठेपणार, ही दुसरी. सिस्टरचा विषय आधी संपवू. त्यांनी जे सांगितलं त्यात एकही वाक्य चुकीचं नव्हतं, आणि शेवटचं वाक्य तर सगळ्यात मोलाचं होतं. कॅशलेसमुळे पैसे कंपनी थेट रुग्णालयाला देते, तुम्हाला आधी भरून मागे परत मागावे लागत नाहीत. किती द्यायचे हे मात्र पॉलिसीच्या अटींवरच ठरतं. पहिली मंजुरी लहान रकमेची असते, ती आली म्हणजे पूर्ण बिलाची हमी मिळाली असं होत नाही. उलट कॅशलेस नाकारलं म्हणजे दावाही नाकारला, असंही नाही. त्या रात्री तुमच्या घराने त्यांच्या बोलण्यातला ‘कॅशलेस’ हा एकच शब्द ऐकला. त्यावरून रुग्णालयावर केस करून काही हाती लागणार नाही. तक्रारीला जागा आहे, पण ती विमा कंपनीच्या हिशेबात आहे.

आता खोलीच्या मर्यादेकडे येऊ, कारण माणसं खरी बुडतात ती इथे. तुमच्या पॉलिसीची प्रत तुम्ही पाठवलेली नाही. पण निम्मे पैसे कापले आहेत, त्यावरून नेहमी दिसणारी अट धरून चालू : विमा रक्कम 5 लाख, खोलीभाडं रोज विमा रकमेच्या 1 टक्का म्हणजे 5,000, आणि आयसीयूला 2 टक्के म्हणजे 10,000. तुम्ही घेतलेल्या सिंगल रूमचं भाडं रोज 10,000 आणि तिथला मुक्काम चार दिवसांचा धरू. आपले चार दिवसांचे फरकाचे 20,000 जातील, फार तर तेवढंच, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. पण कपात तेवढ्यावर थांबत नाही. हक्काची खोली 5,000 ची आणि घेतलेली 10,000 ची, म्हणजे प्रमाण निम्मं. मग सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, डॉक्टरांच्या भेटी, शस्त्रक्रियागृहाचं भाडं हेही त्याच प्रमाणात निम्मं मंजूर होतं. कागदोपत्री याला प्रमाणशीर कपात म्हणतात. अनेक खासगी रुग्णालयांत डॉक्टरांची फी आणि थिएटरचे दर खोलीच्या वर्गावर ठरतात. तीच शस्त्रक्रिया, तेच टेबल, तेच डॉक्टर, पण सिंगल रूमच्या रुग्णाला दर जास्त. खोली वरची घेतली की सगळंच बिल वर सरकतं, आणि त्या वाढीचे पैसे आम्ही का द्यावेत, असा कंपनीचा प्रश्न असतो. हा युक्तिवाद तर्काला धरून आहे, त्यामुळे ‘आमची कपात पूर्ण रद्द करा’ असा अर्ज करू नका. तो फेटाळला जाईल.

मात्र कंपनीचा युक्तिवाद जिथे खरा आहे तिथेच कपातीला जागा आहे, आणि नियमाने नेमकी तिथेच रेघ ओढली आहे. विमा नियामक ‘इर्डाई’च्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधं आणि उपचारात वापरून संपणाऱ्या वस्तू, शरीरात बसवलेली साधनं, आणि तपासण्या यांच्यावर प्रमाणशीर कपात करता येत नाही. स्टेंट हा बसवलेल्या साधनांत येतो. आयसीयूच्या आकारालाही ही कपात लावता येत नाही. जे रुग्णालय खोलीप्रमाणे दर बदलत नाही तिथे, किंवा ज्या बाबीचा दर खोलीप्रमाणे बदलत नाही त्या बाबीवर, ती लावायचीच नाही. कारण उघड आहे. सिंगल रूममध्ये झोपलं म्हणून स्टेंट महाग होत नाही.

हे तुमच्या बिलावर लावून पाहू. तुम्ही फक्त एकूण आकडे दिले आहेत, त्यामुळे विभागणी मी अंदाजाने केली आहे. तुमच्या सविस्तर बिलातले खरे आकडे तिथे घाला. खोली चार दिवस 40,000, आयसीयू दोन दिवस 20,000, डॉक्टर आणि थिएटर मिळून 1,60,000, औषधं 70,000, स्टेंट 38,000, तपासण्या 32,000. बेरीज 3,60,000. कंपनीने सरसकट निम्मे केले आणि 1,80,000 दिले. नियमाने काय व्हायला हवं? खोलीचे 20,000 मिळायला हवेत. डॉक्टर आणि थिएटरचे निम्मे, म्हणजे 80,000. आयसीयूचे 20,000 पूर्ण, कारण ते मर्यादेत आहेत. औषधं, स्टेंट आणि तपासण्यांचे 1,40,000 पूर्ण. एकूण 2,60,000. म्हणजे सिंगल रूमने तुमचे लाखभर रुपये खरोखरच नेले, ते परत येणार नाहीत. पण वरचे 80,000 कंपनीने नियमाबाहेर कापलेले आहेत. हातमोज्यांसारख्या काही किरकोळ वस्तूंचे पैसे पॉलिसीप्रमाणे मुळातच मिळत नसतात. ती रक्कम वेगळी काढा, तिच्यासाठी भांडू नका.

हे मागायचं कसं? कंपनीकडून दाव्याच्या हिशेबाचा कागद मागवा. त्यात प्रत्येक बाबीपुढे किती मागितले, किती दिले आणि का कापले ते लिहिलेलं असतं. औषधं, स्टेंट, तपासण्या किंवा आयसीयूपुढे प्रमाणशीर कपातीचं कारण दिसलं की तुमचा मुद्दा तिथेच सिद्ध होतो. मग रुग्णालयाच्या बिलिंग विभागाकडून एक पत्र घ्या : कुठल्या बाबींचे दर खोलीप्रमाणे बदलतात आणि कुठल्या बदलत नाहीत. दिरांना ज्या रुग्णालयावर केस करायची आहे, त्याच्याच पत्राचा तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोग आहे, हेही त्यांना सांगा. ही दोन्ही कागदपत्रं जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या. नकार आला किंवा महिनाभरात उत्तर आलं नाही, तर सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवरच्या जीवन सेवा अ‍ॅनेक्समध्ये विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण वर्षाच्या आत जायला हवं. आधी ग्राहक न्यायालयात जाऊन बसाल तर तोच दावा लोकपाल ऐकणार नाहीत, म्हणून क्रम चुकवू नका.

यावर कुणी म्हणेल, घरचा माणूस आत तडफडत असताना रात्री पॉलिसी कोण वाचतं? आक्षेप योग्य आहे. म्हणूनच ती तेव्हा वाचायची नसते. खोलीची मर्यादा हा एकच आकडा कार्डाच्या मागे लिहून ठेवायचा, आणि अर्ज भरताना ‘पॉलिसीत बसेल तीच खोली’ एवढंच लिहून द्यायचं. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे : त्या वर्गात बेडच रिकामा नसेल तर? तसं झालं तर बेड नसल्यामुळे वरच्या वर्गात ठेवलं आहे आणि बिल हक्काच्या वर्गाच्या दराने लागेल, असं रुग्णालयाकडून लिहून मागा. रुग्णालयाला ते बंधनकारक नाही, पण काही रुग्णालयं देतात. बिलाबद्दल नकार मिळाला तरी ‘बेड उपलब्ध नव्हता’ एवढं लेखी घ्या, लोकपालांपुढे त्याला वजन असतं. आणि हक्काचा बेड रिकामा होताच हलवा, असा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या. त्याआधी बिल कुठल्या वर्गाने लागेल ते मात्र विचारून घ्या, कारण पुष्कळ ठिकाणी एकदा वरचा वर्ग घेतला की दाखल झाल्यापासूनचं सगळं बिल त्याच वर्गाने लावतात.

बीपी लपवण्याचा सल्ला मूर्खपणाचा आहे. दाखल करताना डॉक्टर जुना आजार केसपेपरवर लिहितात, तो कागद कंपनी मागवते, आणि मग निम्मा नव्हे, अख्खा दावा जाऊ शकतो. पॉलिसी सोडण्याचा सल्लाही तितकाच वाईट. 68 व्या वर्षी, अँजिओप्लास्टीनंतर नवी पॉलिसी मिळणंच कठीण, आणि मिळाली तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. खोलीची मर्यादा काढणारी जोड याच पॉलिसीला मिळते का, ते नूतनीकरणाच्या वेळी कंपनीलाच विचारा.

राहिली दुसरी अँजिओप्लास्टी. ती ठरवून करायची आहे, म्हणजे या वेळी रात्रही नाही आणि घाईही नाही. तारीख ठरताच रुग्णालयाच्या विमा विभागातून आधीच मंजुरी मागवा. 2024 पासून कंपनीने कॅशलेसचा निर्णय तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. तीन तासांनंतर उशिरामुळे जो जादा खर्च होईल तो कंपनीचा, त्यासाठी तुम्ही एक रुपयाही भरू नका. अंदाजपत्रक दोन खाटांच्या खोलीचं मागा, भाडं 5,000 च्या आत आहे ना ते बघा, आणि अर्जावर तोच वर्ग लिहा. सासूबाईंची सोय हे सिंगल रूमचं एकमेव कारण असेल, तर दोन खाटांच्या खोलीत रात्री एका नातेवाइकाला थांबू देतात का, हे आधी विचारून घ्या. एवढ्याच कारणासाठी लाखभर रुपये गेले, हे दिरांपुढे एकदा मांडा. शिल्लक रकमेचाही हिशेब करा. 5 लाखांतून 1,80,000 गेले, आणि वरचे 80,000 मिळाले तर या पॉलिसी वर्षात 2,40,000 उरतील. अंदाजपत्रक त्याहून मोठं असेल आणि नूतनीकरणाची तारीख जवळ असेल, तर दुसरी शस्त्रक्रिया त्या तारखेपलीकडे नेणं वैद्यकीयदृष्ट्या चालेल का, एवढा प्रश्न हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. त्यांनी ‘नाही’ म्हटलं तर तो विषय तिथेच सोडा.