करारातलं 'बियाणे' नेमकं कोणतं?

प्रश्न : जालन्यातील बियाणे कंपनीसाठी बीजोत्पादनाचा चाळीस पानी करार मराठीत करतो आहे. व्याख्या दिल्या आहेत, तरी पुढे शब्द बदलत जातात. काय करावे?

उत्तर : तुमच्या करारात खरा धोका 'बियाणे' या शब्दात आहे. कंपनी पेरणीसाठी देते ते आणि शेतातून परत येते ते, दोन्ही बियाणेच. त्यातही सगळा माल उगवण चाचणीत पास होत नाही. म्हणून 'मूळ बियाणे', 'उत्पादित माल' आणि 'स्वीकृत बियाणे' अशा तीन व्याख्या करा. पैसे देण्याच्या कलमात नुसतं 'बियाणे' राहिलं, तर नापास मालाचेही पैसे मागता येतात. वाद हमखास तिथेच होतो.

इंग्रजीत व्याख्या केलेला शब्द मोठ्या अक्षराने ओळखू येतो. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून तो सगळीकडे ठळक करा. तपासताना 'बियाणे' शोधलंत तर 'बियाण्याचे', 'बियाण्यास' निसटतील. 'बियाण' एवढंच शोधा, प्रत्येक जागा वाचा आणि तीनपैकी कोणतं ते ठरवा. सरसकट बदल करू नका. 'उत्पादक'च्या जागी 'शेतकरी' घातलंत, तर 'उत्पादकता'ची 'शेतकरीता' होते!

पक्षकारांचं पूर्ण नोंदणीकृत नाव सुरुवातीला आणि सहीपाशी, मध्ये फक्त 'कंपनी' आणि 'उत्पादक'. दुसरा पक्ष एकट्याच्या मालकीची पेढी असेल, तर मालकाचं नाव घाला; पेढीला वेगळं कायदेशीर अस्तित्व नसतं. जुन्या करारावरून मसुदा केला असेल, तर परिशिष्टंही तपासा; जुन्या पक्षकाराचं नाव बहुधा तिथेच लपलेलं सापडतं.