फोटो हलवण्याआधी

गुरुजींच्या सत्कारासाठी एका दुकानातून करून आणलेला जुन्या फोटोंचा व्हिडिओ बघितला आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या सीड्या आठवल्या. प्रत्येक फोटो मधोमध भसकन मोठा होत होता. मध्येच पान उलटत होतं. उभ्या फोटोंच्या दोन्ही बाजूंना त्याच फोटोची धूसर झालर! शेवटी अल्बम मागवून मीच नव्याने करायला बसलो.

स्थिर फोटोवर कॅमेरा फिरवण्याच्या या तऱ्हेला केन बर्न्स या अमेरिकी माहितीपटकाराचं नाव पडलं असलं, तरी १९५७च्या ‘सिटी ऑफ गोल्ड’ या कॅनडातल्या लघुपटात ती आधीच दिसते. तिथे कॅमेरा हलतो तो काहीतरी दाखवायला. आपल्याकडे तो सवयीने हलतो, आणि व्हिडिओ जुनाट दिसतो तो त्यामुळेच.

अल्बममधला एक उभा फोटो शाळेच्या सहलीचा होता. खाली कातळावर गुरुजी आणि मुलं, मागे दाभोसा धबधबा. पोस्टकार्ड आकाराचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला की रुंदी २४००, उंची ३६०० पिक्सेल मिळते. १९२० रुंदीच्या पडद्यावर तो बसवला की उंची २८८० उरते आणि एका वेळी दिसते १०८०. म्हणजे १८०० पिक्सेल चढायचं. हे अंतर पाच सेकंदांत उरकलं तर झाडी थरथरते, पाणी फाटल्यासारखं दिसतं. मी चौदा सेकंद दिले. पहिले दोन सेकंद चेहऱ्यांवर थांबून मग कॅमेरा सावकाश वर नेला. उलट, वरून खाली आणला तर लोक ओळखीचे चेहरे शोधत बसतात आणि धबधबा वाया जातो.

पुढचा फोटो विरघळत येणार असेल, तर आधीच्याची हालचाल तो पुरता नाहीसा होईपर्यंत चालू ठेवावी. आधी थांबली की सांधा दिसतो.

गटाच्या फोटोंना आठ सेकंदांत शंभराचे एकशे आठ टक्के एवढीच वाढ पुरते. इतक्या संथ गतीत काही सॉफ्टवेअरमध्ये फोटो बारीक झटके खातो, कारण चौकट पूर्ण पिक्सेलनेच सरकते. पाटीवरची अक्षरं किंवा खिडकीची कड बघा, तिथे झटका लगेच कळतो. फोटो आधी दुप्पट-तिप्पट मोठा करून मग हालचाल दिली की झटका बराच कमी होतो.

जाळीदार खडबडीत कागदावरच्या जुन्या प्रिंटना मात्र हात लावू नका. स्कॅनमध्ये ती जाळी उतरते आणि झूम करताना चमचमते. असे फोटो मी स्थिर ठेवले. खरं तर निम्म्याहून अधिक फोटो स्थिरच ठेवले.

आणि समारंभाच्या आदल्या दिवशी व्हिडिओ त्याच हॉलमधल्या प्रोजेक्टरवर चालवून बघा. लॅपटॉपवर न दिसलेली थरथर तिथे पहिल्याच फोटोला दिसते.