पोट दुखतंय आणि मूल जेवत नाही : गोळीआधी चार प्रश्न



मागच्या पावसाळ्यात एका पाड्यावर सात वर्षांच्या मुलाची आई माझ्याकडे आली. “ताई, ह्याला जंत झालेत, गोळी द्या.” गोळी माझ्या पिशवीत होती. पण आधी मी चार प्रश्न विचारले. आरोग्यसेवकांनी व पालकांनी ते लक्षात ठेवावेत.

पहिला, शौचाला कशी होते? तीन-चार दिवस झालेली नसेल, किंवा लेंड्यांसारखी कडक होत असेल, तर बहुधा बद्धकोष्ठ असते. ते दुखणे येते-जाते आणि मधल्या वेळात मूल खेळते. ह्या मुलाला आदल्या सकाळी नेहमीसारखी झाली होती.

दुसरा, जुलाब आहेत का? उलट्यांबरोबर पातळ जुलाब आणि ताप असेल, तर बहुधा आतड्याचा संसर्ग असतो. तेव्हा जलसंजीवनी लगेच सुरू करावी. ह्याला जुलाब नव्हते.

तिसरा, दुखणे किती दिवसांचे? जंतांचे दुखणे सहसा सौम्य, बेंबीभोवती आणि अनेक दिवस येऊन-जाऊन असते. कधी शौचात जंत दिसतात. मात्र पोट फुगले, उलट्या होऊ लागल्या, शौच व वारा दोन्ही बंद झाले, तर जंतांच्या गुंत्याने आतडे अडलेले असू शकते. अशा वेळी घरी गोळी देऊ नये, रुग्णालयातच न्यावे. ह्या मुलाचे दुखणे कालच संध्याकाळी सुरू झाले होते.

चौथा, आधी काय झाले आणि दुखणे कुठून कुठे गेले? आई म्हणाली, “आधी बेंबीपाशी दुखलं, मग ओकला. भाकरीला हात लावला नाही. आता उजवीकडे खाली दाखवतो.” मी त्याला एका पायावर उडी मारायला सांगितली. तो कण्हत खाली बसला. अंग थोडे गरम होते. ही अपेंडिक्सची लक्षणे आहेत. लहान मुलांत ती इतकी स्पष्ट नसतात. मुलगा असेल तर वृषणही पाहावे. तिथे सूज किंवा दुखणे असेल, तर तासाभराचाही उशीर नको.

आम्ही १०८ ला फोन केला. आजी एरंडेल घेऊन आली होती, एक शेजारी पोटावर चटके द्यायला सांगत होता. दोन्ही थांबवले. अशा पोटात जुलाबाचे औषध दिले तर अपेंडिक्स फुटण्याचा धोका वाढतो. खायलाही काही दिले नाही, कारण शस्त्रक्रिया लागू शकते. त्याच रात्री ती झाली.

आणखी तीन खुणा लक्षात ठेवा: हिरवी उलटी, शौचात रक्त, पोट लाकडासारखे कडक. ह्यांपैकी एक दिसली तरी निघा. दुखणे अचानक थांबले पण मूल मलूल झाले, तर ते बरे झाले असे समजू नका. अपेंडिक्स फुटल्यावरही थोडा वेळ असे होते.

त्या आईने निघण्याआधी प्रार्थना करायला सांगितले. मी म्हणाले, “गाडीत बसून करू.” आणि वाटेत केली.