क्रमांक खरा, माणूस खोटा?

प्रश्न : एक गुंतवणूक सल्लागार दरमहा ३ टक्के परतावा नक्की देतो म्हणतात. कंपनीचा नोंदणी दाखला आणि सेबीचा ‘INA’ क्रमांक त्यांनी दाखवला आहे. दोन लाख रुपये त्यांच्या खात्यात भरावेत का?
– एक वाचक, रामघाट, वाराणसी

उत्तर : कंपनीचा नोंदणी दाखला म्हणजे सल्ला देण्याचा परवाना नव्हे. मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देण्यासाठी सेबीकडे वेगळी नोंदणी लागते, आणि ‘INA’ने सुरू होणारा क्रमांक तिचाच असतो. मात्र फसवणारे अनेकदा दुसऱ्याचा खरा क्रमांक आपल्या दाखल्यावर छापतात. म्हणून क्रमांक यादीत सापडला, एवढ्यावर तपासणी संपत नाही. sebi.gov.in वरील नोंदणीकृत मध्यस्थांच्या यादीत त्या क्रमांकासमोरचे नाव, पत्ता, फोन व ईमेल पाहावेत. फोन करायचा तो यादीतल्याच क्रमांकावर, दाखल्यावरच्या नव्हे; आणि ही व्यक्ती तुमचीच का, हे तिथे विचारावे.

या प्रकरणात तपासणीआधीच दोन गोष्टी खटकतात. नोंदणीकृत सल्लागाराला परताव्याची हमी देता येत नाही. तो फक्त फी घेतो; गुंतवणुकीची रक्कम त्याच्या खात्यात जात नाही. शेअरचे पैसे नोंदणीकृत ब्रोकरकडे, म्युच्युअल फंडाचे फंडाच्या खात्यात जातात. तेव्हा नोंदणी खरी निघाली, तरी या खात्यात दोन लाख भरू नयेत.

पैसे आधीच गेले असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे आणि बँकेलाही सांगावे. लवकर कळवल्यास रक्कम पुढे जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.