भाजले तर आधी पाणी

सकाळची वेळ होती. चुलीवर चहा उकळत होता. धाकटी सून पातेले उतरवायला वाकली. हातातले फडके ओले होते. ओल्या फडक्यातून चटका लवकर बसतो. तिने पातेले उचलले आणि ते हातातून निसटले. उकळता चहा तिच्या डाव्या हातावर सांडला. मनगटाच्या वर कातडी लालभडक झाली. ती कळवळली.

सासूबाई धावत आल्या. "अगं बाई, भाजलं का गं? थांब, तूप लावते," असे म्हणून त्यांनी तुपाची बरणी काढली. धाकटा दीर दात घासायची पेस्ट घेऊन आला. शेजारच्या काकू दारातूनच ओरडल्या, "शाई लावा, शाई! फोड येत नाही."

तीन माणसे, तीन औषधे. पाणी मात्र कुणालाच आठवले नाही.

तेवढ्यात आशाताई आल्या. घरातल्या तान्ह्या बाळाच्या लशीचे सांगायला त्या आल्या होत्या. त्यांनी हात पाहिला आणि म्हणाल्या, "मावशी, तूप राहू द्या. आधी हिचा हात पाण्याखाली धरा."

तूप का नको?

सासूबाईंना हे पटेना. "आमच्या आईपासून आम्ही तूपच लावत आलो. तूप थंड असतं ना?"

आशाताई म्हणाल्या, "मावशी, तवा चुलीवरून उतरवला की लगेच गार होतो का?"

"छे! चांगला वेळ तापलेला राहतो."

"कातडीचंही तसंच आहे. चहा ओघळून गेला, पण त्याची उष्णता कातडीत शिरून बसली आहे. ती आतल्या आत भाजतच राहते. तापल्या तव्याला तूप चोपडलं तर तवा गार होईल का? नाही. त्यावर पाणी ओतलं तर होईल."

ही गोष्ट नीट समजून घ्या. भाजल्यावर पहिले काम म्हणजे आतली उष्णता बाहेर काढणे. हे काम वाहते पाणी करते. तूप, तेल, पेस्ट, शाई, हळद, बटाटा यांतले काहीही हे काम करत नाही. उलट, त्यांच्यातून घाण जखमेत जाते. शाईने आणि हळदीने कातडीचा रंग झाकतो. मग जखम किती खोल आहे, हे डॉक्टरांना दिसत नाही. लावलेले सगळे त्यांना खरवडून काढावे लागते, आणि तेव्हा रोग्याला दुप्पट वेदना होतात.

बर्फही लावू नका. बर्फाने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त कमी पोचते आणि जखम आणखी खोल होते. साधे गार पाणी पुरे.

पाणी किती वेळ?

भाजलेल्या जागेवर 20 मिनिटे पाणी सोडावे. दोन तांबे ओतून थांबू नये. घड्याळ किंवा मोबाईल पाहावा. जवळ काहीच नसेल, तर चुलीवर भात चढवून तो शिजून उतरेपर्यंत, एवढा वेळ धरावा.

नळ असेल तर बारीक धार सोडावी. नळ नसेल तर बादलीतले पाणी तांब्याने हळूहळू ओतावे. पाणी कमी असेल तर स्वच्छ पाण्याच्या बादलीत हात बुडवून ठेवावा. ते पाणी नंतर झाडांना घालता येते. तोंड किंवा छाती बुडवता येत नाही. तिथे स्वच्छ ओले फडके ठेवावे. फडके कोमट लागले की पुन्हा गार पाण्यात भिजवून ठेवावे.

समजा, शेतात भाजले आणि घरी यायला तास गेला. तरी पाणी ओता. भाजल्यापासून 3 तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो. मात्र जितके लवकर, तितके बरे.

हातातल्या बांगड्या

सुनेचा हात पाण्याखाली होता. आशाताई म्हणाल्या, "बांगड्या उतरव. बोटातली अंगठीही काढ."

सासूबाई दचकल्या. "सवाष्णीनं हात मोकळा कसा ठेवायचा?"

"मावशी, तासाभरात हात सुजेल. मग बांगडी निघणार नाही. ती हातात रुतेल आणि रक्त अडवेल. मग ती वाढवावी लागेल, काच जखमेत जाईल. आत्ता पाण्यात सहज निघते आहे. डाव्या हातातल्या उजव्या हातात घालू या. हात बरा झाला की पुन्हा दोन्ही हात भरा."

सासूबाईंना हे पटले. त्यांनी स्वतःच सुनेच्या बांगड्या एकेक करून उतरवल्या.

पायातली जोडवी, पैंजण, हातातले घड्याळ, करगोटा, यांचेही असेच आहे. भाजलेल्या जागेजवळचे सगळे सूज यायच्या आधी काढावे. पण कपडा कातडीला चिकटला असेल तर तो ओढू नये. कपड्यासकट कातडी निघते. चिकटलेला भाग तसाच ठेवावा आणि त्यावर पाणी सोडावे.

हे घरी बरे होईल का?

वीस मिनिटे झाली. सुनेची आग पुष्कळ कमी झाली. आशाताईंनी तिला सांगितले, "आता तुझा उजवा पंजा भाजलेल्या जागेवर धर. टेकवू नकोस, वरच धर."

पंजा म्हणजे तळहात आणि बोटे मिळून. भाजलेली जागा पंजाखाली झाकून गेली. तीन बोटे मावतील एवढीच ती होती. कातडी लाल होती, दोन लहान फोड येत होते आणि जागा दुखत होती.

माप नेहमी भाजलेल्या माणसाच्या पंजाचे घ्यावे. मुलाला भाजले तर मुलाचा पंजा, बापाचा नव्हे.

सुनेची जखम लहान होती, वरवरची होती. तिची काळजी घरी घेता येते. ती अशी घेतली:

ट्रंकेतले धुतलेले, उन्हात वाळवलेले सुती कापड काढले. त्यावर गरम इस्त्री फिरवली. कापड गार झाल्यावर जखमेवर सैलसर गुंडाळले. कापूस लावला नाही, कारण कापसाचे तंतू जखमेला चिकटतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची एक गोळी दिली.

फोड फोडले नाहीत. फोडाची कातडी ही देवाने दिलेली पट्टी आहे. तिच्याखाली नवी कातडी तयार होते. फोड आपोआप फुटला, तर उकळून गार केलेल्या पाण्याने जागा धुवावी आणि पुन्हा स्वच्छ कापड बांधावे. पट्टी रोज बदलावी. ओली किंवा मळकी झाली तर लगेच बदलावी.

जाताना आशाताईंनी विचारले, "धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंस?" सुनेला आठवेना. "मग उद्या आरोग्य केंद्रात जाऊन विचार. भाजलेल्या जखमेतूनही धनुर्वात होतो."

अशी जखम बहुधा दोन आठवड्यांत भरते. सुनेचीही भरली. पण काही वेळा जखम बिघडते. दोन-तीन दिवसांनी दुखणे कमी व्हायच्या ऐवजी वाढते. भोवतीची लाली पसरते. पू येतो, वास येतो, ताप येतो. यांतले एक जरी दिसले, तरी डॉक्टरांकडे जावे. दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तरीही जावे.

दवाखान्यात कधी न्यावे?

भाजलेली जागा रोग्याच्या पंजापेक्षा मोठी असेल तर दवाखान्यात न्यावे.

जागा लहान असली, तरी ती चेहऱ्यावर, हाताच्या पंजावर, पावलावर, सांध्यावर किंवा गुप्त भागावर असेल आणि तिथे फोड आले असतील, तरी न्यावे. सांध्यावरची कातडी भरताना आखडते. मग बोट वाकत नाही, गुडघा सरळ होत नाही.

पाच वर्षांखालचे मूल, म्हातारे माणूस, गरोदर बाई आणि मधुमेहाचा रोगी यांना लहान भाजले तरी दाखवावे.

विजेचा धक्का बसून भाजले तर नेहमीच न्यावे. वरून बारीकसा डाग दिसतो, पण वीज आत स्नायू जाळते आणि हृदयालाही इजा करते. अशा माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. ॲसिडने भाजले, किंवा बंद खोलीत धूर छातीत गेला, तरीही न्यावे.

आता सर्वांत फसवी गोष्ट. जागा पांढरी, तपकिरी किंवा काळी झाली आहे, चामड्यासारखी कडक लागते, आणि दुखत नाही. माणूस म्हणतो, "दुखत नाही, म्हणजे थोडंच आहे." हे चूक आहे. दुखणे कळवणाऱ्या नसाच तिथे जळालेल्या असतात, म्हणून दुखत नाही. ही जखम खोल असते. ती लहान असली तरी दवाखान्यातच न्यावी.

सासूबाईंनी काय केले?

सहा महिने गेले. थंडीचे दिवस होते. आंघोळीसाठी काढलेल्या कढत पाण्याची बादली दोन वर्षांच्या नातवाने ओढली. पाणी त्याच्या छातीवर आणि दंडावर पडले.

शेजारच्या काकू शाई घेऊन आल्या. सासूबाई म्हणाल्या, "शाई ठेवा बाजूला. आधी पाणी!"

त्यांनी मुलाचा सदरा काढला. तो चिकटला नव्हता. दंडातला ताईत सोडला. सून भाजलेल्या जागेवर तांब्याने पाणी ओतू लागली. लहान मूल लवकर गारठते, म्हणून सासूबाईंनी त्याचे पाय कोरड्या गोधडीत गुंडाळले. दिराने 108 नंबरला फोन लावला. या गाडीला पैसे पडत नाहीत. गाडी येईपर्यंत वीस मिनिटे पाणी चालू होते. मग छातीवर स्वच्छ धुतलेले धोतर सैल पांघरून त्याला नेले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "काय काय लावलंत?"

सासूबाई म्हणाल्या, "पाण्याशिवाय काही नाही."

"बरं केलंत. जखम स्वच्छ आहे आणि खोल गेलेली नाही."

मुलाला काही दिवस दवाखान्यात राहावे लागले. घरी आला तेव्हा छातीवर फक्त फिकट डाग होता. आता त्या घरात आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी ओततात, आणि मग कढत.

लक्षात ठेवा

1. भाजले की 20 मिनिटे गार पाणी.
2. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठी काढा.
3. तूप, पेस्ट, शाई, बर्फ लावू नका. फोड फोडू नका.
4. पंजापेक्षा मोठे असेल, किंवा पांढरे पडून दुखत नसेल, तर दवाखाना.

प्रश्न

1. तापल्या तव्याचे उदाहरण आशाताईंनी कशासाठी दिले?
2. सुनेची जखम घरी का बरी करता आली? नातवाला दवाखान्यात का न्यावे लागले?
3. भाजलेली जागा दुखत नसेल तर काय समजावे?
4. तुमच्या घरात भाजल्यावर आजवर काय लावत होते? ते लिहा.