पाच आकडे, जागा, पाच आकडे

सांगलीत माझा कांदा-लसूण मसाल्याचा छोटा उद्योग आहे. सुरुवातीला आम्ही साध्या पिशवीवर स्टिकर चिकटवून माल द्यायचो. मागणी वाढली तशी छापील पाऊच करून घेतली. पाऊचवर मागच्या बाजूला, पत्त्याखाली, माझा मोबाइल नंबर होता. तो अचूक छापला होता, एकही आकडा चुकलेला नव्हता. तरीही कितीतरी गिऱ्हाइकांचे फोन माझ्यापर्यंत पोचत नव्हते, आणि हे कळायला मला पाच महिने लागले.

खरा नंबर इथे देत नाही. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणून समजावण्यापुरता ५ ने सुरू होणारा एक घेते. पाऊचवर तो असा होता असं समजा:

५०७७०००४३१

एके दुपारी एका बाईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका, दुसऱ्या जिल्ह्यातल्या. आवाजात राग नव्हता, पण थकवा होता. "तुम्ही मसाला करता ना हो? तुमच्या ऑर्डरी माझ्याकडे येतायत. आठवड्याला तीन-चार तरी फोन. माणसं मला दर विचारतात."

त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. अशाच एका फोनवाल्याला थांबवून त्यांनी पाकीट हातात घ्यायला सांगितलं आणि नंबर एकेक आकडा करून सावकाश वाचायला लावला. तो लिहून घेतला, आपल्या नंबराशेजारी ठेवला, तेव्हा उलगडा झाला. त्यांचा नंबर होता ५०७७७००४३१. माझ्यात दोन सात आणि तीन शून्यं, त्यांच्यात तीन सात आणि दोन शून्यं. बाकी सगळं तेच.

मी त्यांची माफी मागितली आणि फोन ठेवून पाऊच हातात घेतलं. मला माझा नंबर पाठ असल्यामुळे तो मला कधी वाचावाच लागला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा परक्याच्या नजरेनं वाचायचा प्रयत्न केला. एकसारखे आकडे सलग आले की डोळा ते मोजत नाही, "बरेच सात, बरीच शून्यं" एवढंच टिपतो. तोंडानं आपण "पन्नास, डबल सात, ट्रिपल शून्य" असं म्हणतो, आणि पाकिटावरून मान फोनकडे वळेपर्यंत डबल काय होतं आणि ट्रिपल काय, याची अदलाबदल होते. एकूण आकडे दहाच भरतात, त्यामुळे लावणाऱ्याला शंकाही येत नाही.

मग मी दुकानदारांना विचारत फिरले. दोघांनी सांगितलं, "ताई, तुमचा नंबर लागतच नाही, अस्तित्वात नाही म्हणतो." त्यांच्या मोबाइलवर बघितलं तर नऊच आकडे लावलेले. एक शून्य गळालेलं. म्हणजे काही फोन बाईंकडे जात होते आणि काही कुठेच जात नव्हते. बाईंनी निदान कळवलं. ज्यांचा फोन कुठेच लागला नाही, त्या गिऱ्हाइकांनी नंबर बंद झाला असं धरून विषय सोडून दिला असणार.

आधारच्या बारा आकड्यांत शेवटचा आकडा पडताळणीसाठी असतो. आधीच्या अकरांत एक जरी आकडा चुकला तरी हिशोब जुळत नाही आणि संगणक नंबर नाकारतो. मोबाइल नंबरात अशी सोय नाही. दहाही आकडे सारखेच, आणि चुकलेला नंबर अनेकदा कुणाचा तरी खराच असतो. चूक पकडण्याची संधी एकच उरते, वाचताना. ती मी छपाईत घालवली होती.

आता तोच नंबर मधे जागा सोडून बघा:

५०७७० ००४३१

बाईंचा असाच लिहिला तर ५०७७७ ००४३१. पहिला गट शून्यावर संपतो की सातावर, हे आता मोजावं लागत नाही, दिसतं. गट पाचाचा असल्यामुळे एखादा आकडा गळाला तर तो गट तोकडा वाटतो. वाचणारा "पन्नास, सत्त्याहत्तर, शून्य" म्हणून थांबतो, तेवढं फोनवर लावतो, परत पाकिटाकडे बघतो आणि उरलेले पाच लावतो. दहा आकडे एका दमात लक्षात ठेवणं बहुतेकांना जड जातं, पाच सहज जमतात.

पाऊचवाल्यांच्या डिझाइन करणाऱ्या मुलानं ५०७७ ००० ४३१ सुचवलं होतं. तिन्ही शून्यं एकत्र येतात, दिसायला छान. मोह झाला, पण मी नको म्हटलं. जागा आपल्या नंबराला शोभेल तिथे सोडून चालत नाही, वाचणाऱ्याच्या सवयीच्या ठिकाणीच ती हवी. आपल्याकडे मोबाइल नंबर पाच-पाच असा वाचायची सवय आता बऱ्यापैकी रुळली आहे. जुन्या पाट्यांवर चार आकड्यांनंतर जागा दिसते, कारण तेव्हा सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी ओळखता यायची. २०११ च्या जानेवारीपासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली आणि त्या गटाला अर्थ राहिला नाही. लँडलाइनची गोष्ट वेगळी. तिथे जागा गावाच्या कोडनंतरच सोडायची: सांगलीचा ०२३३, मग जागा, मग सात आकडे. आणि +९१ छापायचं असेल तर त्याच्याही पुढे जागा हवी. मोबाइल नंबराआधी शून्य चिकटवलं की पहिला गट सहाचा होतो आणि सगळा फायदा जातो.

पाऊच बदलणं सोपं नव्हतं. रोलवर छापली जाणारी पाऊच कोरलेल्या सिलिंडरवरून छापतात, प्रत्येक रंगाला एक सिलिंडर. माझा नंबर लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत होता आणि आकड्यांना काळी सावली, म्हणजे एका नंबरासाठी दोन सिलिंडर नवे करावे लागले. तेव्हापासून नंबर पांढऱ्या जागेवर फक्त काळ्यात असतो. उद्या बदलायची वेळ आली तर एकच सिलिंडर बदलेल. नंबर काढून टाकणं हा पर्याय नव्हताच. ग्राहकाला तक्रार करता यावी म्हणून पाकिटावर संपर्काचा नंबर देणं २०११ च्या वजनमाप नियमांप्रमाणे बंधनकारक आहे.

दुसऱ्या पाऊचच्या प्रूफमध्ये जागा सोडली होती, पण नंबर पत्त्याच्या ओळीतच ओवलेला. ओळ भरली आणि नंबर नेमका त्या जागेत तुटला: पाच आकडे वरच्या ओळीच्या शेवटी, पाच खाली पिनकोडजवळ. आमचा पिन ४१६ ४१६. तोही तीन-तीन असाच शोभतो, पण तिथे तो नंबराचा भाग वाटत होता. साधी जागा ही शब्दांमधल्या जागेसारखीच असते, संगणक तिथे ओळ तोडतो. वर्डमध्ये मजकूर करत असाल तर जागेसाठी नुसता स्पेसबार न दाबता `Ctrl+Shift+Space` दाबा, म्हणजे दोन्ही गट एकाच ओळीत राहतात. पाऊचवर मी त्याहून सोपं केलं. नंबराला स्वतंत्र ओळ दिली.

दुकानाच्या पाटीवर निराळाच त्रास झाला. आमच्या पाटीवर अॅक्रिलिकचे कापलेले आकडे एकेक करून चिकटवलेले आहेत. इंग्रजी 1 अंगानं बारीक. त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळं राहिलं की जागा तिथेच सोडली आहे असं भासतं. म्हणून चिकटवणाऱ्याला मी आकड्यांची घरं सारख्या मापाची आखायला लावली आणि मधली जागा साधारण एका आकड्याच्या रुंदीची ठेवली. याहून कमी ठेवली तर रस्त्यावरून दिसत नाही, जास्त ठेवली तर ते दोन वेगळे नंबर वाटतात. दोन नंबर खरोखरच असतील तर एकाखाली एक लावा. शेजारी लावले तर पाच-पाचचे चार गट होतात आणि कुठला कुणाचा हे कळत नाही. पहिला नंबर पूर्ण आणि पुढे तिरपी रेघ मारून नुसते शेवटचे दोन आकडे, ही पद्धत तर सोडूनच द्या. पाटी मराठीत असली तरी नंबर मी इंग्रजी आकड्यांत ठेवते, कारण फोनवर तेच आकडे असतात. मराठी १ आणि इंग्रजी 9, मराठी ४ आणि इंग्रजी 8 लांबून सारखे दिसतात. दोन्ही लिप्या एका नंबरात तर कधीच मिसळू नयेत.

आमच्या ऑर्डरच्या छापील फॉर्मवर आधी नंबरासाठी नुसती रेघ होती. तिच्यावर लोक नऊ आकडेही लिहायचे आणि अकराही. मग दहा चौकोन केले. त्यानं गळती कळू लागली, पण काहीजण पहिल्या चौकोनात शून्य घालायचे आणि शेवटचा आकडा बाहेर राहायचा. आता चौकोनांच्या डावीकडे +९१ छापलेलं असतं, पाच चौकोन, बोटभर जागा, पुन्हा पाच चौकोन. फॉर्म घेणारी आमची मुलगी तो नंबर पाच-पाच करून गिऱ्हाइकाला वाचून दाखवते, त्याच्यासमोरच. संगणकात भरताना मात्र ती जागा टाइप करत नाही, नाहीतर तोच माणूस एकदा जागेसकट आणि एकदा जागेशिवाय असा दोनदा नोंदला जातो. एक्सेलच्या रकान्याला कस्टम फॉरमॅट असा दिला आहे:

```
00000 00000
```

आकडे सलगच साठवले जातात, फक्त दिसताना जागा दिसते.

आता कुठलंही प्रूफ माझ्याकडे आलं की मी ते स्वतः तपासत नाही, कारण मला नंबर पाठ आहे आणि माझे डोळे फसतात. ज्यांच्या फोनमध्ये माझा नंबर नाही अशा तिघांना प्रूफ देते, हातभर लांब धरायला सांगते आणि त्यावरून फोन लावायला सांगते. तिघांचेही फोन पहिल्या झटक्यात माझ्याकडे आले तरच सही करते.

तिसऱ्या पाऊचच्या वेळी त्या तिघांत मी बाईंनाही धरलं. त्यांनी माझा नंबर फोनमध्ये ठेवला होता. तो काढून टाकायला सांगितला आणि प्रूफ पोस्टानं पाठवलं. चार दिवसांनी फोन वाजला. "बघा, लागला," त्या म्हणाल्या. "आणि हो, जुनी पाकिटं अजून दुकानात आहेत वाटतं. काल एकाला दर सांगितला मी तुमचा."