समुद्राच्या पाण्याचा पृष्ठताण जास्त की कमी? केशनलिकेचा प्रयोग नीट कसा करावा

बारावीच्या प्रात्यक्षिकात केशनलिका पद्धतीने पाण्याचा पृष्ठताण काढायचा असतो. सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण सूत्रातली कोणती राशी आपल्याला फसवते हे फारसं कुणी पाहत नाही. म्हणून आज एक वेगळा प्रश्न घेऊ. पालघर-बोईसरच्या मुलांना समुद्र काही लांब नाही. केळव्याच्या किंवा तारापूरच्या किनाऱ्यावरून एक बाटली पाणी आणलं आणि शेजारी ऊर्ध्वपातित पाणी ठेवलं, तर पृष्ठताण कुणाचा जास्त? केशनलिकेत खारं पाणी किंचित कमी चढतं. मग त्याचा पृष्ठताण कमी म्हणायचा का? थांबा, इतक्यात उत्तर लिहू नका.

सूत्र कुठून आलं?

बारीक नळी पाण्यात उभी धरली की पाणी काचेला चिकटून वर चढतं. नळीच्या आतल्या परिघावर पृष्ठताणाचं बल पाण्याला वर ओढतं. हे बल 2πrT cosθ इतकं असतं. चढलेल्या पाण्याचं वजन πr²hρg खाली ओढतं. दोन्ही सारखे झाले की पाणी थांबतं. स्वच्छ काच आणि पाणी यांचा स्पर्शकोन जवळजवळ शून्य असतो, म्हणून cosθ = 1 घेतो.

आता एक बारीक गोष्ट. उंची आपण पाण्याच्या वक्र पृष्ठाच्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत मोजतो. पण त्या बिंदूच्या वरही कडेने थोडं पाणी असतं. वक्र पृष्ठ अर्धगोल मानलं तर त्या पाण्याचं आकारमान πr³/3 येतं. ते धरलं की सूत्र असं होतं:

T = (h + r/3) r ρ g / 2

आधी साधं पाणी

समजा खोलीचं तापमान ३० अंश सेल्सिअस आहे. या तापमानाला पाण्याची घनता ९९६ किलोग्रॅम प्रति घनमीटर असते. नळी उभी लावा आणि तिच्याजवळ एक सुई अशी बसवा की तिचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाला नुसतं टेकेल. सुई नळीला चिकटून नको, कारण तिथलं पाणी आधीच वर ओढलेलं असतं. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने आधी नळीतल्या वक्र पृष्ठाचं वाचन घ्या. मग चंचुपात्र काढून सुईच्या टोकाचं घ्या. मायक्रोस्कोपमध्ये प्रतिमा उलटी दिसते, म्हणून खोलगट पृष्ठ फुगीर दिसेल. गोंधळू नका.

समजा पहिलं वाचन ९.०४० सेमी आणि दुसरं ३.२१५ सेमी आलं. म्हणजे h = ५.८२५ सेमी. नळीचा आतला व्यास आडवा ०.०५१ आणि उभा ०.०४९ सेमी आला. सरासरी ०.०५० सेमी, म्हणून r = ०.०२५ सेमी. r/3 मिळवल्यावर उंची ५.८३३ सेमी होते. सगळं मीटरमध्ये घालून T = ०.०७१२ न्यूटन प्रति मीटर येतं. ३० अंशाला पाण्याचा पृष्ठताण इतकाच असतो.

आता गंमत पाहा. मायक्रोस्कोपचं लघुत्तम माप ०.००१ सेमी आहे. उंचीत एवढी चूक झाली तर ती पाच हजारात एक भागसुद्धा नाही. पण व्यासच अवघा ०.०५० सेमी आहे. त्यात तेवढीच चूक झाली, म्हणजे ०.०५१ धरला, तर उत्तर दोन टक्क्यांनी वाढून ०.०७२६ होतं. पुस्तकात बहुधा २० अंशाची किंमत दिलेली असते, ०.०७२८. मुलं ती पाहतात आणि ‘जमलं!’ म्हणतात. प्रत्यक्षात व्यास चुकलेला असतो आणि तापमान कुणी पाहिलेलंच नसतं. उत्तर पुस्तकाशी जुळलं म्हणजे प्रयोग बरोबर आला असं नाही.

व्यासाचं आणखी एक दुखणं आहे. आपण तो नळीच्या टोकाशी मोजतो, पण पाण्याला तोलून धरणारी त्रिज्या वक्र पृष्ठ जिथे थांबतं तिथली असते. नळी सगळीकडे सारखी नसते. शक्य असेल तर शेवटी सरांच्या देखरेखीखाली नळी त्या खुणेवर कापून तिथला व्यास मोजावा.

आता खारं पाणी

दोन द्रवांची तुलनाच करायची असेल, तर व्यासाच्या कटकटीतून सुटका आहे: नळी तीच वापरा. दोन्हीकडे r सारखाच असल्याने गुणोत्तर घेताना तो जवळजवळ निघून जातो. उरतात दुरुस्त उंची आणि घनता.

समजा त्याच नळीत, त्याच तापमानाला समुद्राचं पाणी ५.७६७ सेमी चढलं. r/3 मिळवून ५.७७५. म्हणजे साध्या पाण्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त खाली. दोघांची घनता सारखीच धरली, तर खाऱ्या पाण्याचा पृष्ठताण एक टक्क्याने कमी निघतो. पण मिठामुळे हे पाणी जड आहे. घनता बाटलीने मोजली आणि १०२२ आली असं धरू. आता ५.७७५ गुणिले १०२२ भागिले ५.८३३ गुणिले ९९६ केलं की १.०१६ येतं. म्हणजे खाऱ्या पाण्याचा पृष्ठताण दीड टक्क्याहून थोडा जास्त, सुमारे ०.०७२३!

हेच बरोबर उत्तर आहे. मिठाचे आयन पृष्ठभागापेक्षा पाण्याच्या आत राहणं पसंत करतात, त्यामुळे पृष्ठताण थोडा वाढतो. पाणी कमी चढलं ते पृष्ठताण कमी म्हणून नव्हे, तर वजन जास्त म्हणून. एका घनतेने निष्कर्ष उलटा झाला. म्हणून घनता तक्त्यातून उचलू नका, आणलेल्या पाण्याची मोजा. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी मिसळतं आणि घनता बरीच उतरते.

फसगत कशी ओळखायची?

एक-दीड टक्क्याचा फरक शोधताना मळ हा मोठा शत्रू आहे. होड्या लागतात तिथलं पाणी घेऊ नका, डिझेलचा पातळ थरही पृष्ठताण खाली आणतो. पाणी गाळून घ्या. साबण तर त्याहून वाईट. तारापूर एमआयडीसीत कापड रंगवताना पाणी धाग्यात लवकर शिरावं म्हणून असेच पदार्थ मुद्दाम घालतात. पृष्ठताण ०.०३० पर्यंत उतरला तर आपल्या नळीत पाणी जेमतेम अडीच सेंटीमीटर चढेल. म्हणून साबणाने धुतलेली नळी पुष्कळ पाण्याने खंगाळा.

नळी स्वच्छ आहे का, याची सोपी परीक्षा अशी: ती थोडी खोल बुडवा आणि पुन्हा वर घ्या. मग उलट करा, आधी वर उचलून पुन्हा खाली आणा. दोन्ही वेळा पाणी त्याच उंचीला थांबायला हवं. उतरताना वेगळं आणि चढताना वेगळं थांबलं, तर काचेला तेलकटपणा आहे, स्पर्शकोन शून्य नाही, आणि cosθ = 1 धरण्याचा हक्क आपल्याला नाही. अशा वेळी गणित करत बसू नका, नळी पुन्हा धुवा.

घरी सोडवा: वरच्या उदाहरणात नळीची त्रिज्या निम्मी, ०.०१२५ सेमी घेतली, तर दोन्ही पाण्यांच्या उंचीतला फरक किती होईल? आणि मग अशी बारीक नळी वापरण्यात फायदा काय, तोटा काय?